पावसाळ्यापूर्वी जोखीम नोंदवही भरताना

मे २०२५ मध्ये कणकवली तालुक्यातील एका वसतिगृहाच्या पायाचे काम आमच्याकडे होते. दरवर्षीच्या अनुभवावरून आम्ही पाऊस ७ जूनच्या आसपास धरला होता आणि पाया ३१ मेपर्यंत संपवायचे ठरवले होते. त्या वर्षी मान्सून २५ मे रोजीच देवगडपर्यंत येऊन ठेपला. चोवीसपैकी नऊ खड्डे उघडे होते. ते एका रात्रीत भरले आणि जांभ्या मातीच्या कडा आत कोसळल्या. नोंदवहीत ‘पावसाने खड्डे भरणे’ ही ओळ होती, तिच्यापुढे ‘ट्रान्स्फर’ असा शब्दही होता आणि तो माझ्याच हाताने लिहिलेला होता. पुन्हा तीच चूक होऊ नये म्हणून पुढील तयारी लिहून ठेवत आहे.

धोक्यांची यादी, शक्यता, परिणाम आणि प्रत्येक ओळीला एक जबाबदार माणूस, एवढे सगळेच करतात. त्यावर शब्द घालवत नाही.

प्रत्येक धोक्यापुढे उपायाचे नाव लिहिण्याआधी उपाय साध्या मराठीत लिहावा आणि मग स्वतःला एकच प्रश्न विचारावा, की या उपायाने नेमके काय बदलले. धोका घडण्याची वाटच बंद झाली असेल तर ते ॲव्हॉइड, म्हणजे टाळणे. घडण्याची शक्यता किंवा घडल्यावरचा फटका कमी झाला, पण दोन्ही शिल्लक राहिले, तर ते मिटिगेट, म्हणजे सौम्य करणे. शक्यताही तीच, फटकाही तोच, फक्त त्याचे बिल दुसऱ्याच्या नावावर गेले, तर ते ट्रान्स्फर, म्हणजे सोपवणे.

आमच्याच खड्ड्यांवर हे लावून पाहू. १० मेनंतर एकही नवा खड्डा उघडायचा नाही आणि उरलेले नऊ ऑक्टोबरात घ्यायचे, असे ठरवले असते तर ते टाळणे झाले असते, कारण जो खड्डा नाही तो भरणार कसा? मात्र टाळणे फुकट नसते: कराराची तारीख आधी बदलून घ्यावी लागली असती, आणि दिवाळीला गावी गेलेले मजूर वेळेवर परत येतील का, हा नवा धोका नोंदवहीत चढला असता. वरच्या अंगाला चर खणून उताराचे पाणी बाजूला काढणे, खड्ड्याजवळ पंप तयार ठेवणे, आणि मुख्य म्हणजे एका वेळी तीनच खड्डे उघडून त्यांत काँक्रीट पडल्याशिवाय चौथा न उघडणे, हे सगळे सौम्य करणे आहे. चराने शक्यता घटते, पंपाने आणि तीन खड्ड्यांच्या नियमाने फटका घटतो. पाऊस लवकर आलाच असता तर तीन खड्डे गेले असते, नऊ नव्हे. हा नियम लिहायला मला दोन मिनिटे लागली असती.

आम्ही केले ते तिसरे. आमच्याकडे ‘कंत्राटदाराची ऑल रिस्क’ ही विमा पॉलिसी होती, म्हणून मी ‘ट्रान्स्फर’ लिहिले आणि पुढच्या ओळीकडे वळलो. इथेच सावध करतो: सोपवल्यावर आपल्याकडे काय उरले, हे लिहिल्याशिवाय ती ओळ पूर्ण झाली असे समजू नये. आमचे नुकसान ३ लाख ४० हजारांचे ठरले. पॉलिसीतील स्वतः सोसायची रक्कम ५० हजार वजा होऊन २ लाख ९० हजार हातात आले. तोपर्यंत सगळे खुशीत होते. मग विलंबाचा हिशेब आला. कंत्राट २ कोटी ४० लाखांचे, दंड आठवड्याला अर्धा टक्का, म्हणजे १ लाख २० हजार. काम पाच आठवडे मागे पडले, म्हणून ६ लाख. साध्या पॉलिसीत कामाचे प्रत्यक्ष नुकसान भरून मिळते, उशिराचा दंड नाही. पॉलिसी कपाटात होती, मी वाचली नव्हती.

तेव्हा नोंदवहीत ‘काय उरले’ असा वेगळा रकाना आखावा. विमा असेल तर त्यात तीन गोष्टी लिहाव्यात: स्वतः सोसायची रक्कम, पॉलिसीत वगळलेली कलमे आणि वेळेचे नुकसान. खोदाई ठरावीक दराने पोटकंत्राटदाराला दिली असेल तरी काय उरले ते लिहावे, कारण त्याने काम अर्धवट टाकले तर मालकाचे पत्र आपल्याच नावाने येते. पैशाचा भार सोपवता येतो, तारखेचा बहुधा येत नाही. रकाना रिकामा दिसला तर ती ओळ मंजूर करू नये, मग ती वरिष्ठांनी लिहिलेली का असेना. आणि जे उरले त्याला पुन्हा मिटिगेट लागते. आमच्या बाबतीत तो तीन खड्ड्यांचा नियमच होता. एका धोक्याला एकच उपाय असतो असे कुठेही सांगितलेले नाही.

नोंदवहीत धोक्यांसोबत संधींचीही पाने असतात. ती लोक कोरी सोडतात, म्हणून तेही लिहितो. मालकाने तोंडी सांगितले होते की पहिली इमारत नोव्हेंबरआधी दिली तर दुसरीही आम्हालाच मिळेल. ही संधी हातची जाऊच नये अशी व्यवस्था करणे, म्हणजे आजच करारात तसे कलम घालून आपल्या हातातील सर्वांत अनुभवी तुकडी याच कामावर बांधून ठेवणे, हे एक्स्प्लॉइट. दुसरी तुकडी लावून तारीख गाठण्याची शक्यता वाढवणे, पण खात्री न देता येणे, हे एन्हान्स. गोंधळ इथेच होतो, कारण कृती दोन्हीकडे तीच दिसते. फरक इतकाच, की एक्स्प्लॉइटमध्ये संधी घडणारच असे आपण करतो आणि एन्हान्समध्ये पारडे फक्त जड करतो. खात्री नसताना ‘एक्स्प्लॉइट’ लिहिणे म्हणजे वरिष्ठांना खोटा दिलासा देणे. शेअर वेगळे: दुसऱ्या इमारतीसाठी काँक्रीट तयार करणारा बॅचिंग प्लांट आपल्याकडे नाही, शेजारच्या कंत्राटदाराकडे आहे, तर त्याला सोबत घेऊन नफा साठ-चाळीस वाटून घ्यायचा. ट्रान्स्फरमध्ये आपण नुकसान उचलण्यासाठी दुसऱ्याला पैसे देतो, शेअरमध्ये नफ्याचा वाटा देतो. शेअरलाही ‘काय उरले’ रकाना लागतोच: भागीदाराचा प्लांट बंद पडला तर मालकाला उत्तर कोण देणार, हे आधी लिहून घ्यावे.

पुढचे थोडक्यात. स्वीकारलेल्या धोक्यासाठी पैसे आणि दिवस बाजूला ठेवावेत, नुसते ‘स्वीकार’ लिहून चालत नाही. आपल्या अधिकाराबाहेरची ओळ वर पाठवावी आणि पोच घ्यावी. प्रत्येक उपायाला सुरू करण्याची खूण ठरवावी. आमच्यासाठी ती केरळात मान्सून आल्याची घोषणा ही असायला हवी होती. त्या वर्षी ती २४ मेला झाली आणि दुसऱ्याच दिवशी पाऊस आमच्या दारात होता, त्यामुळे यापुढे खूण १० मे हीच ठेवली आहे. पॉलिसी कपाटातून काढून टेबलावर ठेवावी, आणि सही करण्याआधी ‘काय उरले’ हा रकाना पुन्हा एकदा पाहावा.