टेबल खरंच त्या खोलीत होतं का? फोटोतल्या रेषांवरून असं ओळखा

समजा, घराच्या जाहिरातीत हॉलचा फोटो आहे. चौकोनी फरश्या आणि मधोमध लाकडी टेबल. टेबल नंतर चिकटवलंय अशी शंका असेल तर रेषा ओढून बघा.

रेल्वेचे रूळ जसे लांबवर एकत्र येताना दिसतात, तशा फोटोतल्या समांतर कडा पुढे वाढवल्या की एका बिंदूत मिळतात. हाच व्हॅनिशिंग पॉइंट. जमिनीला समांतर असलेल्या सगळ्या कडांचे हे बिंदू, त्यांची दिशा कुठलीही असो, एकाच क्षितिजरेषेवर पडतात. टेबल तिरकं ठेवलं तर त्याचे बिंदू या रेषेवरच इकडेतिकडे सरकतात. रेषा सोडून वर-खाली जात नाहीत.

फोटो इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या, कारण बिंदू बहुतेकदा फोटोच्या चौकटीबाहेर पडतात आणि तिथे बाहेरही रेघ ओढता येते. आधी फरशीच्या सांध्यांवरून, एकाच दिशेच्या तीन-चार रेषा ओढून वाढवा. मग दुसऱ्या दिशेच्या सांध्यांचंही तसंच करा. मिळालेले दोन बिंदू जोडले की क्षितिजरेषा तयार. दोन्ही दिशा घ्यायच्या, कारण कॅमेरा किंचित कलला असेल तर ही रेषाही तिरकी येते.

आता टेबलाच्या फळीच्या समोरासमोरच्या कडा वाढवा. समजा, खोलीची क्षितिजरेषा वरून 430 पिक्सेलवर आडवी आली आणि टेबलाचे दोन्ही बिंदू 120 च्या आसपास पडले. म्हणजे टेबलाचा मूळ फोटो वेगळ्या कॅमेऱ्याने, बहुधा जास्त उंचीवरून किंवा कॅमेरा जास्त खाली झुकवून घेतलाय. नीट पाहिलं तर फळीचा वरचा भाग खोलीच्या मानाने जास्तच उघडा दिसेल.

पण लगेच निष्कर्ष काढू नका. 60 पिक्सेलच्या छोट्या कडेचं एक टोक एका पिक्सेलने चुकलं, तरी 1500 पिक्सेल पुढे रेषा जवळपास 25 पिक्सेलने भरकटते, आणि दोन रेषा जवळजवळ समांतर असतील तर त्यांचा छेदबिंदू त्याहून कितीतरी जास्त सरकतो. म्हणून लांब कडा निवडा आणि प्रत्येक रेषा टोकं थोडी हलवून तीनदा ओढा. छेदबिंदू 40 पिक्सेलच्या पसाऱ्यात राहिले, तर 310 चा फरक हाताच्या चुकीचा नाही. पसाराच 300 चा असेल तर तो फोटो या पद्धतीने तपासता येणार नाही.

लेन्समुळेही फसगत होते. वाइड अँगलमध्ये कडेची सरळ भिंत बाकदार दिसते. फरशीच्या सांध्यावर पट्टी धरून बघा. सांधा पट्टी सोडत असेल तर आधी ते वाकणं दुरुस्त करा. पॅनोरमा फोटो तर घेऊच नका. टेबल उतारावर असेल किंवा त्याची फळीच पुढे निमुळती असेल, तरी बिंदू रेषा सोडतात आणि फोटो खरा असतो.

उलट बाजूही आहे. टेबलाचा फोटो तितक्याच उंचीवरून, तशाच कोनातून काढून योग्य मापात बसवला असेल, तर त्याचे बिंदू 430 वरच येतील आणि या रेषांना तो सापडणार नाही.