हळव्या प्रश्नानंतर लगेच क्विझ? सूत्रसंचालकांनो, या चुका टाळा

ठाण्यातल्या एखाद्या सोसायटीची कोजागरी घ्या. गच्चीवर सतरंज्या, कोपऱ्यात दुधाचं पातेलं आणि सूत्रसंचालकाच्या हातात बारा प्रश्नांचा कागद. सहावा प्रश्न: "घरातली कोणती जागा आता रिकामी वाटते?" सातवा: "देशातली पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला आली, तिला किती डबे होते?" प्रश्न दोन्ही चांगले आहेत, गडबड होते ती त्यांच्या मधल्या अर्ध्या मिनिटात.

सहाव्याला एक काकू म्हणतात, "गॅलरीतली खुर्ची. हे तिथंच पेपर वाचायचे." सूत्रसंचालक माईक काढून घेतो आणि म्हणतो, "छान! पुढचा प्रश्न..."

पहिली चूक: "छान", "मस्त", "वा"

हे शब्द बरोबर उत्तराला द्यायची दाद आहेत. कुणी आपली रिकामी खुर्ची दाखवली की तिला गुण द्यायचे नसतात. दाद देण्याऐवजी त्यांचेच दोन शब्द हळू परत म्हणा, "गॅलरीतली खुर्ची," आणि मनात तीन आकडे मोजून थांबा. ऐकणाऱ्यांना ही शांतता लांबलचक वाटत नाही, माईकवाल्यालाच वाटते. मग एकच उपप्रश्न विचारा, तोही हो-नाहीत संपेल असा: "अजून तिथंच आहे का ती?" काकूंना बोलायचं असेल तर त्या बोलतील, नसेल तर "हो" म्हणून मोकळ्या होतील. "का", "कसं वाटतं" नको, त्याला उत्तर द्यायचं म्हणजे चारचौघांत रडू आवरायचं.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे सांत्वनाचं भाषण. "काळ हेच औषध" वगैरे सुरू झालं की बिचाऱ्या काकूंनाच मान डोलवत सूत्रसंचालकाला सांभाळून घ्यावं लागतं.

दुसरी चूक: ओढूनताणून दुवा जोडणं

ही सर्वांत जास्त बोचते, आणि करणाऱ्याला ती हुशारी वाटते. "काका रेल्वेत होते ना? मग सांगा, पहिली गाडी..." इथे गेलेला माणूस पुढच्या प्रश्नाची खुंटी झाला. दुवा वस्तूचा असला तरी फार बरं नाही. "तुमच्याकडे सकाळी पेपर आधी कोण उघडतं?" हे वरवर निरुपद्रवी, पण त्या घरी आता पेपर उघडायला एकच जण उरलंय.

म्हणून दुवा उत्तरातून घेऊ नका, समोरच्या गच्चीतून घ्या. आधी सांगा की आपण वळण घेतोय: "आता सगळ्यांना मिळून विचारतो, जरा वेगळं आहे." मग ज्यात चूक-बरोबर काही नाही असं विचारा: "दुधात चारोळी हवी त्यांनी हात वर करा." हात हलले, कुणी "बदाम!" ओरडलं की हवा बदलते. अशा एक-दोन प्रश्नांनंतर रेल्वे काढा.

तिसरी चूक: त्याच माणसाला क्विझचा प्रश्न

माईक काकूंच्या हातात आहे म्हणून "आता हे सांगा" असं होतं. नको. माहितीचा प्रश्न सगळ्यांना द्या आणि तोंडी उत्तराऐवजी पर्याय ठेवा: आठ, चौदा की वीस? चुकलं तरी घोळक्यात चुकतं. काकूंनी हात वर केला नाही तर तिकडे बघून "काकू, तुम्ही पण!" म्हणू नका. उत्तर चौदा, 16 एप्रिल 1853 ला ती गाडी सुमारे चारशे प्रवासी घेऊन ठाण्यात पोचली. बझर, घड्याळ आणि गुणफलक सहाव्याच्या आधीच बंद केलेले असावेत, नाहीतर सवयीने कुणीतरी नको तिथे टिंग वाजवतंच.

बिघडलं हे कसं ओळखायचं

काकू "सॉरी हं, मी फार बोलले" म्हणाल्या तर घाई झाली, हे नक्की. दुसरी खूण म्हणजे सोप्या प्रश्नालाही कुणी तोंड उघडत नाही. उत्तर येत असतं, पण आत्ता हसणं बरं दिसणार नाही असं सगळ्यांना वाटतं. अशा वेळी प्रश्न पुन्हा मोठ्यानं वाचू नका. मागे जा: "मी जरा घाई केली. काकू, खुर्चीचं राहून गेलं." पुन्हा थांबा, चारोळीचा प्रश्न घ्या, आणि रेल्वे दूधवाटपानंतर.

कागद छापायच्या आधी लक्षात आलं तर काम सोपं आहे. हळवा प्रश्न पहिला किंवा शेवटचा ठेवू नका. सहावा असेल तर सातवा-आठवा हात वर करायचे असू द्या आणि रेल्वे नववी. एकच सलग क्रमांक दिला की वाचणारा धावतो, म्हणून सहाव्याखाली चार ओळी कोऱ्या सोडा आणि तिथे पेनानं लिहा: "थांब. दूध बघ."