कंबर धरली की घसरून पडलात? क्लेमआधी या चुका टाळा

समजा, आरोग्य पॉलिसी घेऊन पाच महिने झालेत. निपाणीकडच्या शेतात उसाची मोळी घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवर चढताना एकाचा पाय घसरला आणि तो पाठीवर आपटला. कण्यातली चकती सरकली, ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात घरच्यांनी सांगितलं, "ऊस भरताना कंबर धरली." केसपेपरवर तेवढंच उतरलं, पडल्याचा उल्लेखच नाही. इथंच क्लेम बिघडतो.

पॉलिसीत अपघात म्हणजे अचानक, अनपेक्षित, आपल्या इच्छेविना आणि बाहेरच्या, दिसणाऱ्या जोरदार कारणानं घडलेली घटना. त्या घटनेनं शरीराला झालेली आणि डॉक्टरांनी प्रमाणित केलेली हानी म्हणजे इजा. आजार म्हणजे शरीराच्या कामात रोगानं आलेला बिघाड. फळीवरून पडणं अपघातात बसतं. नुसती मोळी उचलताना कळ आली, तर बाहेरचं कारण दाखवणं अवघड जातं आणि कंपनी बहुधा तो आजारच धरते.

"तीस दिवस उलटले, आता काळजी नाही," असं धरून चालणं ही दुसरी चूक. पॉलिसी घेतल्यापासून पहिले तीस दिवस आजाराचा क्लेम मिळत नाही, ही अट आजारांना सरसकट लागू असते. त्यापलीकडे ठरावीक आजारांची यादी असते. हर्निया, मोतीबिंदू आणि चकती सरकणं हे त्यात बहुतेक सापडतं. बऱ्याच पॉलिसींत त्यांना दोन वर्षं थांबावं लागतं. अपघाताला मात्र या दोन्ही अटींतून सूट आहे. म्हणजे पाचव्या महिन्यात तोच मणका, तेच ऑपरेशन. पण 'पडल्यामुळे' लिहिलं तर क्लेमला वाट आहे, 'कंबरदुखी' लिहिलं तर नाही.

कंबर आधीपासून दुखत असेल, तर गुंता वाढतो. पॉलिसीपूर्वीच्या आजाराच्या कलमात अपघाताची सूट लिहिलेली नसते. अशा आजारासाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं असू शकते. जुन्या एमआरआयमध्ये तीच चकती खराब दिसली, तर कंपनी हेच कलम पुढं करते. मग पडल्यामुळे नवं काय बिघडलं, हे डॉक्टरांकडून लेखी घ्यावं लागतं.

म्हणून भरती करतानाच कुठं, कधी, कसे पडलात ते स्पष्ट सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. न पडता पडल्याचं सांगू नका. खोटेपणा उघड झाला तर क्लेम जातोच, पॉलिसीही जाऊ शकते. उपचार बेळगावात घ्या किंवा मिरजेला, डिस्चार्ज कार्ड बहुधा इंग्रजीत येतं. घरी नेण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्या. कारण चुकलं असेल तर मूळ नोंद दाखवून डॉक्टरांकडून दुरुस्तीचं पत्र घ्या.

तरीही नाकारलं, तर कोणत्या कलमाखाली ते लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर कर्नाटकात राहणाऱ्यांना बेंगळुरूच्या विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथं वकील लागत नाही, फीही नाही.