अवकाळीचं दीड मिनिट: माईकसमोर बसण्याआधीची तयारी

मार्च महिना, तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्ष तोडून रॅकवर पडलेली, आणि संध्याकाळी सांगली जिल्ह्यासाठी हवामान खात्याचा इशारा येतो: उद्या पिवळा इशारा, तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजा, हलका ते मध्यम पाऊस, ताशी 30 ते 40 किलोमीटर वेगाचे वारे. रेडिओवरच्या दीड मिनिटात हा मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवला तर बेदाण्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या माणसाला काय करायचं ते कळत नाही.

सगळ्यात आधी तारीख आणि वेळ बघायची. पावसाचा हवामान खात्यातला दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. म्हणून 'गेल्या चोवीस तासांतला पाऊस' हा आकडा संध्याकाळच्या कार्यक्रमात 'आज पडला' असं म्हणून कधीही द्यायचा नाही. त्यातला बहुतेक पाऊस कालचा असतो. ऐकणाऱ्याच्या अंगणात आज थेंब पडलेला नसेल, तर आपलं पुढचं वाक्यही तो मानणार नाही.

मग 'तुरळक ठिकाणी' या शब्दांपाशी थांबायचं, कारण घोळ बहुतेक वेळा इथंच होतो. जिल्ह्यातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी जास्तीत जास्त पंचवीस टक्के केंद्रांवर पाऊस, एवढाच त्याचा अर्थ. पाऊस किती जोराचा, हे त्यात नाही. ऐकणारा मात्र 'तुरळक' म्हणजे चार शिंतोडे समजतो आणि ताडपत्री घडी करून ठेवतो. त्याच्याच शेडवर ढग फुटला तर हलका-मध्यम हे शब्द त्याच्या काही कामाचे नाहीत. म्हणून हे वाक्य फोडून सांगायचं: सगळीकडे येणार नाही, पण ज्या गावावर येईल तिथं जोराची सर असू शकते.

वाऱ्याचा आकडाही तसाच सोडायचा नाही. ताशी चाळीसच्या आसपास वारा म्हणजे छत्री हातात धरणं अवघड, आणि खालून न बांधलेली ताडपत्री फडफडून फाटते. नेमकी वेळ इशाऱ्यात बहुधा नसते. या दिवसांतले ढग दुपारच्या उन्हानं वाढतात, म्हणून 'दुपारनंतर' म्हणायचं, 'तीन वाजता' नाही.

आता सल्ला. इथं बेदाण्याचं काम माहीत असायला हवं. डिपिंग करून, म्हणजे द्रावणात बुडवून, रॅकवर पसरलेल्या मालाला सुकायला वारा लागतो. पाण्याचा शिडकावा लागला तर मणी काळपट पडतात, बुरशी धरते. आणि घाबरून बाजू दिवस-रात्र बंद ठेवल्या तरी आतला दमटपणा तोच माल बिघडवतो. त्यामुळे नुसतं 'झाकून ठेवा' हा अर्धा सल्ला झाला. कधी झाकायचं आणि कधी उघडायचं, दोन्ही सांगायचं. मी असं लिहून घेईन:

'उद्या दुपारनंतर सांगली जिल्ह्यात काही गावांवर विजा आणि वाऱ्यासह पाऊस येऊ शकतो. सगळीकडे येणार नाही, पण नेमका कुठं, हे आज सांगता येत नाही. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, जत भागात ज्यांचा माल रॅकवर आहे, त्यांनी सकाळी शेड उघडी ठेवावी आणि बारापर्यंत बाजूची ताडपत्री खाली सोडून दोरीनं बांधून घ्यावी. पाऊस थांबून वारा सुटला की बाजू परत उघडाव्यात. रानात गडगडाट ऐकू आला की काम सोडून पक्क्या घरात जावं, झाडाखाली थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.'

यात मिलिमीटर नाही, टक्के नाहीत, पिवळा रंगही नाही. रंग सांगायचाच तर त्याच्या जोडीला 'सावध राहा' हे शब्द हवेत, कारण रेडिओवर रंग दिसत नाही. वाक्यात आधी वेळ, मग जागा, मग काम, हा क्रम मोडायचा नाही. ऐकणाऱ्याला मागं जाऊन पुन्हा ऐकता येत नाही. वरचा मजकूर मिनिटभरात होतो. उरलेल्या वेळात गावांची नावं आणि ताडपत्रीचं वाक्य पुन्हा वाचायचं. शिराळ्याचं किंवा आटपाडीचं तापमान भरीला घालायचं नाही.

लिहून झालं की मोठ्यानं वाचायचं. जिथं श्वास अडकेल तिथं वाक्य तोडायचं. 'येऊ शकतो' वाचताना 'येणार' होत नाही ना, यावर कान ठेवायचा; पहिल्यांदा 'येणार' म्हणून आला नाही, की पुढच्या खेपेला कोणी ताडपत्री सोडत नाही.

उद्या दुपारच्या कार्यक्रमात पुन्हा बोलायचं असेल, तर आत जाण्याआधी हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा ताजा अंदाज उघडायचा आणि विजांसाठी 'दामिनी' अ‍ॅपवर नजर टाकायची. त्यात जतचं नाव आलं असेल, तर आदल्या दिवशीचा कागद बाजूला ठेवून जतपासूनच सुरुवात करायची.