उसाचे वाढे खाऊ घालताना माझं काय चुकलं अन् आता किती देतो

नागपूरजवळ आमच्या पाच गायी आहेत, दूधधंद्यात नवीन असाल तर हे वाचा. आपल्याकडे कुटार भरपूर पण हिरवा चारा उन्हाळ्याआधीच संपतो, म्हणून पहिल्या वर्षी ऊसतोड सुरू झाली तशी मी वाढ्यांची ट्रॉली आणायला लागलो. स्वस्त पडायचे अन् गायीही आवडीनं खायच्या म्हणून एकेका गायीला तीस तीस किलो टाकायचो, मिनरल मिक्स्चर नाही, काही नाही. त्यातली एक गाय व्याली अन् दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर बसलेली, मान पोटाकडे वळवलेली, कान थंडगार, उठवलं तरी उठेना. डॉक्टर आले, शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं, तासाभरात गाय उभी झाली.

डॉक्टरांनी मग समजावलं की वाढ्यात ऑक्झॅलेट असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं अन् गायीच्या अंगी लागू देत नाही. व्याल्यावर चिकात कॅल्शियम एकदम जातं, आधीच कमी असलं की गाय अशी बसते. नुसते वाढेच कारण असं नाही, पण त्यांनी भर घातली.

आता माझा हिशोब असा. गाय 400 किलोची, 8 लिटर दूध, तिला दिवसाला पाणी वजा करून साधारण 12 किलो चारा-खुराक लागतो. त्यात वाढे 15 किलो, ऑक्झॅलेटमुळे त्याच्यावर जात नाही, पाणी वजा केलं तर ते 4 किलोच उरतात. वर सोयाबीन किंवा तुरीचं कुटार 4 किलो, ढेप-चुनीचा खुराक पावणेपाच किलो, कारण वाढ्यात प्रथिनं फार कमी. मिनरल मिक्स्चर रोज 50 ग्रॅम, हे चुकवत नाही. वाढे कुट्टी करून देतो अन् त्यावर चुन्याची निवळी शिंपडतो, पण निवळी म्हणजे मिनरल मिक्स्चरला पर्याय नाही. नवा चारा एकदम नाही, आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवायचा.

कुटारावर शिंपडायला मी मळीही आणतो, पण घेताना नीट विचारून घ्या, कारखान्याकडची प्रेसमडसुद्धा मळी म्हणूनच विकतात, ती खताची. खायची ती काळी, चिकट, गोड वासाची मोलॅसिस. मी अर्धा किलो मळी दुप्पट पाण्यात कालवून कुटारावर शिंपडतो, सोयाबीनचं टोचणारं कुटार गायी मग उष्टं टाकत नाहीत. सुरुवात पाव किलोनं करा, एक किलोच्या वर जाऊ नका. शेण पातळ अन् आंबट वासाचं झालं, रवंथ कमी झाली तर मळी लगेच बंद करा अन् डॉक्टरला दाखवा. युरिया घालायचा सल्ला कोणी दिला तर वासरांना अजिबात नाही, अन् मोठ्या जनावरांनाही डॉक्टरांना विचारूनच.

कुटार हातात घेऊन वास घ्या, पावसात भिजून बुरशी आली असेल तर मळी टाकूनही खाऊ घालू नका.