ताप आला की आधी काळी खपली शोधा, फवारणीचं नंतर बघू

पोळा झाला, पाऊस उघडझाप करतोय, धुऱ्यावरचं गवत कमरेला लागलंय. गवतातल्या कोळ्याच्या चावण्याने येणाऱ्या स्क्रब टायफस या तापाचे हेच दिवस आहेत, इथून दिवाळीपर्यंत. 2018 ला ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत केवढे पेशंट निघाले होते ते आपल्याकडच्या लोकांना आठवत असेल. म्हणून यावेळी पिकाचं थोडक्यात उरकतो आणि तापाचं सविस्तर लिहितो.

या आठवड्याची कामं:
- सोयाबीनमध्ये साचलेलं पाणी चर काढून बाहेर काढा
- कपाशीत डोमकळ्या दिसल्या की तोडून नष्ट करा
- बोंडअळीसाठी कामगंध सापळे, हेक्टरी 5
- रसशोषक किडी कमी असतील तर 5 टक्के निंबोळी अर्क, घरीच बनवा
- संत्र्याखाली पडलेली फळं उचलून पुरा

आता मुद्दा. आमच्या वहिनी दोन वर्षांपूर्वी पोळ्यानंतर रोज धुऱ्यावर बैलांसाठी गवत कापायच्या. दहा-बारा दिवसांनी थंडी वाजून ताप आला, डोकं असं दुखायचं की डोळे उघडवेना. तिसऱ्या दिवशी गावात इंजेक्शन आणि सलाईन झालं. चौथ्या दिवशी रक्त तपासलं तर मलेरिया नाही, डेंगू नाही, पण प्लेटलेट 70 हजार. मग सगळे म्हणाले डेंगूच आहे, रिपोर्ट चुकला असेल, आणि पपईच्या पानांचा रस सुरू. पाचव्या दिवशी तालुक्याला अॅडमिट केलं, भारी अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू आणि ताप तसाच 103. सातव्या दिवशी दम लागायला लागला तेव्हा नागपूरला नेलं. तिथे कपडे बदलताना सिस्टरला छातीखालच्या घडीत एक काळी खपली दिसली, वाटाण्याएवढी, भोवती लाल कडं, बिडीचा चटका बसल्यासारखी. डॉक्टरांनी त्याच दिवशी डॉक्सीसायक्लिन सुरू केलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला. पण फुप्फुसावर आलेलं निघायला ऑक्सिजनवर चार दिवस गेले आणि बिलापायी सोयाबीन घरात यायच्या आधीच विकावं लागलं. सात दिवसांत चार जणांनी तपासलं, खपली कोणी बघितली नाही, कारण ती दुखत नाही आणि खाजत नाही, वहिनींनाच माहीत नव्हतं की तिथे काही आहे.

हा रोग होतो कशाने ते समजून घ्या म्हणजे कुठे बघायचं ते कळेल. चिगर माइट नावाच्या कोळ्याचं पिल्लू, टाचणीच्या टोकापेक्षाही लहान, लालसर, गवताच्या टोकाला येऊन बसतं. उडत नाही, उडी मारत नाही, आपण गवताला घासलो की अंगावर चढतं आणि जिथे कपडा घट्ट किंवा कातडी मऊ तिथे जाऊन चावतं, आणि चावल्या जागीच ती काळी खपली येते. कपाशीवरचा लाल कोळी वेगळा, तो माणसाला चावत नाही, त्यामुळे पिकाचं कोळीनाशक धुऱ्यावर मारायचं काही कारण नाही. मागच्या हंगामात आमच्या इथल्या एका दुकानदाराने "स्क्रबचं औषध" म्हणून हजार रुपयाची बाटली खपवली, घेणाऱ्यांनी पैसे मातीत घातले. त्यापेक्षा विळा घ्या आणि घरापासून गोठ्यापर्यंतची वाट, विहिरीचा काठ, जेवायला बसतो ती जागा एवढं तरी गवत साफ करा. हे कोळी उंदरांच्या अंगावरही जगतात, म्हणून माझा अंदाज असा की आधी गवत काढावं मग उंदरांचं औषध टाकावं, नाहीतर उंदीर मेले की पिल्लं दुसरं अंग शोधणारच.

ताप आला की पहिल्या दिवशीच घरातल्या माणसाने उजेडात अख्खं अंग बघायचं. काख, जांघ, छातीखाली, बेंबीजवळ, परकराच्या नाडीखाली, चड्डीच्या इलास्टिकखाली, गुडघ्यामागे, कानामागे, मानेवर केसांत. लाजू नका, पुरुषांच्या अवघड जागीही असते. घामाच्या जागी खपली निघून जाते आणि नुसता उथळ पांढरट-पिवळट व्रण दिसतो, तोही धरा. एक खूण अजून, जांघेत गाठ आली असेल तर पाय आणि कंबर नीट बघा, काखेत आली असेल तर हात, छाती, पाठ, कारण चावलेल्या जागेजवळचीच गाठ आधी सुजते. खपली मिळाली की फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. नाही मिळाली म्हणून निश्चिंत होऊ नका, बऱ्याच पेशंटला ती नसतेच. अशा वेळी डॉक्टरांना स्वतःहून सांगायचं की मी गवतात काम करतो, पाच दिवस ताप आहे, स्क्रब असू शकतो का.

रक्ताची तपासणी पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून संशय पक्का असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता गोळी सुरू करतात. मोठ्या माणसाला डॉक्सीसायक्लिन 100 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, निदान 7 दिवस. गोळी काही रुपयांची, सरकारी दवाखान्यात फुकट. सलाईनवाल्या महाग इंजेक्शनांनी हा ताप जात नाही कारण हा जंतू आपल्या पेशीच्या आत लपतो आणि ती औषधं तिथे पोचत नाहीत. गरोदर बाईला डॉक्टर अॅझिथ्रोमायसिन देतात, लेकरांचा डोस वजनावर ठरतो, त्यामुळे मेडिकलवरून मनाने आणायचं नाही.

गोळी जेवणानंतर, ग्लासभर पाण्यासोबत, आणि घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, घशाखाली अडकली तर अन्ननलिकेला जखम होते. दूध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, अॅसिडिटीचं औषध हे सोबत नको, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी लागू पडत नाही. उन्हात काम असेल तर अंग झाकून, कातडी लवकर भाजते.

मागच्या वर्षी आमच्या सालदाराला ताप आला तेव्हा दुसऱ्याच दिवशी गुडघ्यामागे खपली सापडली. सरकारी दवाखान्यात नेलं, रात्री पहिली गोळी, तिसऱ्या दिवशी सकाळी अंग थंड आणि भाकर मागितली. हा फरक एवढा पटकन दिसतो की डॉक्टरही त्यावरून अंदाज बांधतात. पण ताप गेला म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत, त्याने चौथ्या दिवशी बंद केल्या होत्या, रागावून सुरू करायला लावल्या.

गवतात जाताना:
- पूर्ण बाह्या, पायजमा मोज्यात खोचलेला, बूट
- धुऱ्यावर आडवं पडायचं नाही, बसायला ताडपत्री
- उघड्या कातडीला डीट असलेलं मच्छरचं मलम, आम्ही घोट्याला करंजाचं तेलही लावतो, फरक वाटतो
- घरी आल्यावर लगेच साबणाने घासून अंघोळ, कपडे गरम पाण्यात

गोळी सुरू होऊन 48 ते 72 तासांत ताप उतरला नाही तर आजार दुसरा असू शकतो, परत डॉक्टरांकडे जा. आणि दम लागतोय, पेशंट बरळतोय, लघवी कमी झालीये किंवा डोळे पिवळे दिसताहेत तर गावात अजून एक सलाईन लावत बसू नका, त्याच रात्री गाडी करून मोठ्या दवाखान्यात न्या, खपलीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि दारातच सांगा की पेशंट पंधरा दिवसांपासून गवत कापत होता.