प्रवर्तकांचे गहाण शेअर: टक्केवारी कशी वाचावी

प्रवर्तक, म्हणजे कंपनी उभी करून तिचा ताबा ठेवणारे लोक, कर्ज काढताना आपले शेअर तारण म्हणून देतात; तेच गहाण शेअर. कोणाकडे किती शेअर आहेत हे सांगणारा भागधारणेचा तक्ता तिमाही संपल्यापासून 21 दिवसांत कंपनीला शेअर बाजाराला द्यावा लागतो. बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावरून मागच्या आठ तिमाहींचे तक्ते उतरवून घ्या. प्रवर्तकांचे एकूण शेअर आणि त्यातले गहाण शेअर, दोन्ही टक्क्यांत नव्हे तर संख्येत लिहून काढा.

आता अवघड भाग. ‘प्रवर्तकांच्या शेअरपैकी गहाण 50 टक्क्यांखाली असेल तर चालेल’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो धोकादायक आहे. खरा प्रश्न असा, की भाव किती पडला तर प्रवर्तकाकडे गहाण टाकायला आणखी काहीच उरणार नाही?

समजा प्रवर्तकाकडे 4 कोटी शेअर आहेत, त्यातले 3 कोटी गहाण, भाव 100 रुपये. म्हणजे तारण 300 कोटींचे. कर्ज देणाऱ्याने दुप्पट तारण मागितले असेल तर कर्ज 150 कोटींचे. भाव 75 वर आला की तेच 300 कोटी भरून काढायला सगळे 4 कोटी शेअर लागतात. भाव आणखी एक रुपया पडला तर रोख रक्कम भरायची, नाहीतर कर्ज देणारा शेअर बाजारात विकणार. त्या विक्रीने भाव आणखी पडतो आणि चक्र सुरू होते. थोडक्यात, 75 टक्के गहाण असेल तर फक्त 25 टक्क्यांची घसरण पुरते. 40 टक्के गहाण असेल तर 60 टक्के घसरण सोसता येते. तारण आधीपासून गरजेपेक्षा जास्त ठेवले असेल तर थोडी सवड मिळते, पण तक्त्यात ते दिसत नाही. म्हणून ती धरूच नका.

दुसरा सापळा याहून वाईट. गहाण टक्केवारी 75 वरून 60 वर आली की लोक खूश होतात. प्रवर्तकांच्या शेअरची संख्या पाहा. वरच्या उदाहरणात 1.5 कोटी शेअर कर्ज देणाऱ्याने विकले तर उरले 2.5 कोटी, त्यात गहाण 1.5 कोटी. टक्केवारी 60 झाली, पण कर्ज प्रवर्तकाने फेडले नाही, शेअर गेले. एकूण संख्या तशीच राहून गहाण संख्या घटली तरच तारण सुटले म्हणायचे. उलट, कंपनीतला प्रवर्तकांचा नुसता हिस्सा घटला आणि संख्या कायम असेल तर बहुधा नवे शेअर काढले गेलेत, विक्री नव्हे.

झी एंटरटेनमेंटचा शेअर 25 जानेवारी 2019 रोजी एका दिवसात सुमारे 26 टक्के कोसळला. प्रवर्तकांचे बरेच शेअर गहाण होते. कर्जफेडीसाठी विक्री होत होत वर्षाअखेरीस त्यांचा हिस्सा 5 टक्क्यांच्या आसपास उरला.

गहाण 50 टक्क्यांवर गेले की सेबीच्या 2019 च्या नियमानुसार प्रवर्तकाला कारण जाहीर करावे लागते. ते वाचा. कंपनीच्याच कर्जासाठी असेल तर ताळेबंद तपासा. प्रवर्तकाच्या दुसऱ्या धंद्यासाठी असेल तर मी ती कंपनी यादीतून काढतो.